प्लॅनर नेमका कोणाचा माणूस?

जुलैच्या एका रविवारी कर्वेनगरला बहिणीच्या घरी जेवणाच्या टेबलावर तीन कोटेशनं पसरलेली होती. भाचीचं लग्न डिसेंबरात. डीपी रोडवरचं लॉन मेहुण्यांनी फेब्रुवारीतच स्वतः जाऊन ठरवलं होतं, सहा लाखांना. बाकीचं बघायला वेडिंग प्लॅनर नेमायचा असं घरात ठरलं होतं, कारण नवरामुलगा बंगळूरला, भाची हिंजवडीला, आणि मेहुण्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं.

पहिल्या प्लॅनरने एकूण खर्चाच्या 10 टक्के मागितले होते. खर्चाचा अंदाज 24 लाख, म्हणजे 2 लाख 40 हजार. दुसऱ्याने सरसकट 90 हजार सांगितले होते. तिसरी एक बाई होती, तिने 1 लाख 75 हजार सांगितले होते, तेही सरसकट. घरातलं मतदान दोन मिनिटांत संपलं. दुसरा! टक्केवारीवाला लुटारू, तिसरी महाग, आणि नव्वद हजारवाला आपला माणूस.

मी गेली अठरा वर्षं पुण्यातल्या काही केटरर आणि मंडप-डेकोरेशनवाल्यांची हिशेबाची पुस्तकं लिहिते. त्यामुळे मला प्लॅनरची फी कधीच एका आकड्यात दिसत नाही. त्यांच्या लेजरमध्ये ती कुठे ‘मार्केटिंग खर्च’ म्हणून असते, कुठे ‘रेफरल’, आणि कुठे काहीच नसते, फक्त लग्नानंतरच्या आठवड्यात रोख काढलेली असते. धंद्यातली माणसं त्याला सरळ ‘कट’ म्हणतात. डॉक्टरांच्या कट प्रॅक्टिसवर आपण तावातावाने बोलतो, पण मांडववाल्याच्या कटाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

टक्केवारी बरी की ठरावीक रक्कम बरी, हा वाद माझ्या मते दुसऱ्या नंबरचा आहे. आधी विचारायचं ते हे, की या माणसाला आणखी कोण पैसे देतंय. त्याचं उत्तर मिळेपर्यंत फीचा आकडा वाचूच नये.

तरी आधी टक्केवारीचं बोलू, कारण तिच्यातला दोष लोकांना लगेच दिसतो आणि म्हणून तिथेच सगळं लक्ष अडकतं. खर्च वाढला की फी वाढते, हे खरंच आहे. डेकोरेशन पाच लाखांवरून सात लाखांवर नेलं की प्लॅनरला वीस हजार जास्त, आणि घासाघीस करून एक लाख वाचवून दिले की दहा हजार कमी. आपल्यासाठी चांगलं काम केल्याबद्दल त्याला दंड बसतो. पण त्याहून चीड आणणारी गोष्ट म्हणजे टक्के कशाचे, हे कुठेच लिहिलेलं नसतं. त्या 24 लाखांत मेहुण्यांनी स्वतः ठरवलेलं लॉनही होतं. ज्या सहा लाखांसाठी प्लॅनरने एक फोनसुद्धा केलेला नाही, त्याचे साठ हजार त्याला कशासाठी द्यायचे? विचारल्यावर म्हणाला, “मॅडम, व्हेन्यूशी कोऑर्डिनेशन असतं ना.” टक्के अंदाजित खर्चावर की शेवटच्या, बिलातल्या जीएसटीसकट की त्याशिवाय, भाचीच्या शालूचे आणि दागिन्यांचे पैसे त्यात आहेत की नाहीत, यातलं एकही वाक्य करारात नव्हतं.

तरीही टक्केवारीच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. चाळीस माणसांचा साखरपुडा आणि सहाशे माणसांचं दोन दिवसांचं लग्न यांत काम सारखं नसतंच, आणि खर्च हे त्या कामाचं ओबडधोबड का होईना, माप आहे. पाहुणे अडीचशेवरून चारशे झाले, तर ठरावीक रक्कम घेतलेला प्लॅनर मनातल्या मनात आपल्याला शिव्या घालत एक माणूस कमी पाठवतो. ठरावीक फीचा धोका हा असा आहे. तिथे पैसा आपला वाचतो आणि कष्ट त्याचे वाचतात. पहिल्या भेटीला मालक येतो, मुहूर्ताच्या दिवशी मात्र वॉकी-टॉकी घेतलेली दोन कॉलेजची पोरं येतात.

हे दोन्ही दोष करारात बांधून घालता येतात. कमिशन तसं बांधता येत नाही, कारण ते दिसतच नाही.

बहिणीला मी म्हटलं, तिघांनाही एकच विचार: तुम्हाला डेकोरेटर, केटरर, फोटोग्राफर यांच्याकडून काही मिळतं का?

टक्केवारीवाला प्रामाणिक निघाला. म्हणाला, मिळतं, पण ते आमच्या-आमच्यातलं आहे, तुमच्या खिशातून काही जात नाही. नव्वद हजारवाला म्हणाला, “आम्ही कमिशनला हातसुद्धा लावत नाही, काकू.” तिसरी म्हणाली, मिळतं, आणि कोणाकडून किती ते मी लिहून देते.

नव्वद हजारांचा हिशेब मांडून बघा. पाच महिने, बारा-पंधरा भेटी, शेवटचे दोन दिवस सहा माणसं पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत. त्या माणसांचे पैसे, जेवण, टेम्पो, पेट्रोल धरलं तर निम्मी रक्कम तिथेच उडाली. उरलेल्यात ऑफिसचं भाडं आणि पाच महिन्यांची मेहनत. एवढ्यात हे काम करणारा एकतर धर्मादाय ट्रस्ट चालवतो, नाहीतर त्याचं पोट दुसरीकडून भरतंय. मी ज्यांची पुस्तकं लिहिते त्यांच्याकडचे दर लावून पाहिले. केटरिंग सात लाखांचं, त्यावर 8 टक्के. डेकोरेशन पाच लाखांचं, त्यावर 15 टक्के. फोटो आणि व्हिडिओ अडीच लाख, साउंड-लाइट दीड लाख, मेकअप-मेंदी ऐंशी हजार, या तिन्हींवर 10 टक्के. बेरीज 1 लाख 79 हजार. म्हणजे स्वस्तातल्या माणसाची मिळकत 2 लाख 69 हजारांची होत होती, आणि त्यातली दोनतृतीयांश रक्कम आपल्याला न दिसणाऱ्या दाराने येत होती. टक्केवारीवाल्याचे 2 लाख 40 हजार आणि वर हेच कमिशन धरलं तर त्याची मिळकत चार लाखांच्या पुढे. हे दर सगळ्या पुण्याचे नाहीत. कुठे केटरर एक पैसाही देत नाही, कुठे डेकोरेटर वीस टक्के देतो. पण ठरावीक फी जितकी कमी, तितकी कमिशनची भूक जास्त, हे समीकरण मी सहसा चुकलेलं पाहिलेलं नाही.

“तुमच्या खिशातून काही जात नाही” हे वाक्य मात्र नीट तपासायला हवं, कारण ते अर्धं खरं आहे. धंद्यात दोन दर असतात, ‘पार्टी रेट’ आणि ‘प्लॅनर रेट’. पार्टी म्हणजे तुम्ही-आम्ही. आपण स्वतः गेलो तर पाच लाख, प्लॅनर घेऊन गेलो तरी आपल्याला पाच लाखच, आणि त्यातले पंचाहत्तर हजार डेकोरेटर प्लॅनरला देतो. वर्षाला वीस लग्नं आणून देणाऱ्याला घाऊक दर मिळणारच, यात पाप काही नाही. काही डेकोरेटर हा दर खरोखर आपल्या नफ्यातून देतात. बाकीचे तो मालातून काढतात. झेंडूच्या माळांच्या मध्ये प्लास्टिकच्या माळा येतात, स्टेजच्या मागच्या बाजूचं कापड जुनं येतं, दोन जनरेटरच्या जागी एक येतो. आपण फोटोत समोरची बाजू बघतो, त्यामुळे कळतही नाही.

पण पंचाहत्तर हजार गेले हे खरं दुखणं नव्हेच. कमिशनमुळे प्लॅनरचा सल्ला वाकतो, आणि वाकलेल्या सल्ल्याची किंमत कमिशनच्या कितीतरी पट असते. हे समजायला ताटांच्या गॅरंटीसारखं उदाहरण नाही.

केटररशी करार होतो तो गॅरंटीच्या आकड्यावर. तीनशे ताटांची गॅरंटी दिली की दोनशे ऐंशी माणसं आली तरी पैसे तीनशेचे. केटरर साधारण दहा टक्के जादा तयारी ठेवतो, म्हणजे तीनशेवर तीसेक माणसं आली तर तो सांभाळून घेतो आणि जेवढी ताटं उठली तेवढ्यांचे पैसे घेतो. त्यामुळे गॅरंटी किती द्यायची, हा लग्नातला सगळ्यात महागडा निर्णय असतो आणि तो लग्नाच्या आठवडाभर आधी, घरात पाहुणे आणि डोक्यात गोंधळ असताना घ्यायचा असतो. बहीण त्या वेळी कोणाचं ऐकणार? प्लॅनरचंच.

भाचीच्या रिसेप्शनला अंदाजपत्रकात 350 ताटं धरली होती, दर 900 रुपये. नव्वद हजारवाल्याने पहिल्याच भेटीत सांगून ठेवलं होतं की गॅरंटी चारशेची द्या, मुलीकडचं कार्य आहे, ताट कमी पडलं तर आयुष्यभर ऐकावं लागेल. असं म्हटल्यावर कुठल्या आईची छाती होईल नाही म्हणायची? शेवटी आम्ही नेमली ती तिसरी. तिने मात्र आमंत्रणांची यादी मागितली. मुहूर्ताला जेवून जाणारे वेगळे काढले, बाहेरगावचे वेगळे काढले, ऑफिसच्या लोकांना गुगल फॉर्म पाठवला, आणि तीनशेची गॅरंटी द्यायला लावली. प्रत्यक्षात 318 ताटं उठली. पैसे झाले 2 लाख 86 हजार 200. चारशेची गॅरंटी दिली असती तर 3 लाख 60 हजार झाले असते. फरक 73 हजार 800 रुपयांचा. आणि त्या ब्याऐंशी जादा ताटांवर प्लॅनरला 8 टक्क्यांनी किती मिळाले असते? 5 हजार 904.

सहा हजारांसाठी कोणी मुद्दाम चुकीचा सल्ला देत नाही, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणते. तो माणूस खोटारडा असायची गरजच नसते. चारशे म्हटलं की त्याचं काहीच बिघडत नाही, उलट थोडं भलंच होतं, आणि तीनशे म्हणायला यादी घेऊन तीन संध्याकाळी बसावं लागतं. मग तो चारशेच म्हणणार, आणि काळजीच्या सुरात म्हणणार.

ताटं मोजण्याची वेळ तर आणखी कठीण. पंगत असली तर हिशेब सोपा असतो, पानं किती मांडली आणि पंगती किती उठल्या. बुफेत तसं नसतं. सुरुवातीला पन्नास-पन्नासच्या चळती मोजून ठेवायच्या, शेवटी उरलेल्या मोजायच्या, आणि मधल्या काळात धुऊन परत आलेली ताटं दोनदा धरली जात नाहीत ना, यावर कोणीतरी डोळा ठेवायचा. हे रात्री साडेअकराला, वधूवर निघण्याच्या गडबडीत. तिथे घरच्यांच्या वतीने उभा राहतो तो प्लॅनरचा माणूस. ताटामागे ज्याला बहात्तर रुपये मिळतात त्याने आपल्या बाजूने ताटं मोजायची! पूर्वी हे काम एखादा मामा करायचा. त्यालाही ओळखीचा आचारी असायचाच, पण त्याचं कमिशन जिलब्यांच्या दोन पुड्यांवर भागायचं.

कायदा याबाबतीत आपल्याला वाटतो तितका मुका नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्यात एजंटाचं एक स्वतंत्र प्रकरणच आहे. दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणाऱ्याने मागितल्यावर हिशेब दिला पाहिजे, हे कलम 213 सांगतं. आणि मालकाला अंधारात ठेवून एजंटाने त्या कामात स्वतःच्या खात्यावर व्यवहार केला, तर झालेला फायदा मालक मागू शकतो, हे कलम 216. अडचण पुराव्याची आहे. रोख दिलेल्या कटाची पावती नसते, आणि ज्याला पुढच्या मोसमात त्याच प्लॅनरकडून काम हवंय तो डेकोरेटर ग्राहक आयोगात साक्ष द्यायला येत नाही.

त्यापेक्षा जीएसटीतली एक तरतूद जास्त कामाची आहे. सीजीएसटी नियमावलीच्या नियम 33 मध्ये ‘प्युअर एजंट’ म्हणून एक कल्पना आहे. प्लॅनरने आपल्या वतीने, आपल्या संमतीने इतरांना पैसे दिले, ते स्वतःच्या बिलात वेगळे दाखवले आणि जितके दिले नेमके तितकेच आपल्याकडून घेतले, तर त्या रकमेवर त्याला जीएसटी लावावा लागत नाही, फक्त स्वतःच्या फीवर 18 टक्के लावायचा. प्लॅनरला विचारायचं, तुम्ही प्युअर एजंट म्हणून बिल देणार का? वर काही चढवत असेल तर तो हो म्हणू शकत नाही. मग तो सगळ्याचं एकच ‘पॅकेज’ बिल देतो. ते बेकायदा नाही, पण मग तो आपला सल्लागार नाही, माल विकणारा दुकानदार आहे, आणि दुकानदाराला वेगळी फी द्यायची नसते. शिवाय लॉनवर येणारा साधा केटरर आपल्याला थेट बिल देतो तेव्हा त्यावर 5 टक्के कर असतो. तेच जेवण इव्हेंटच्या एकत्र बिलात गेलं की साधारणपणे 18 टक्के लागतो. सात लाखांच्या जेवणावर हा फरक 91 हजारांचा होतो, म्हणजे जवळपास एका प्लॅनरची फी.

तिसऱ्या प्लॅनरशी मी नंतर बरंच बोलले. आमच्या कामात तिने कमिशन घेतलं नाही, पण ते न घेणं तिलाही जड जातं, हे तिने लपवलं नाही. “ताई, लोक सल्ल्याचे पैसे देत नाहीत. माझ्याकडून थीम, रंग, व्हेंडरची नावं सगळं काढून घेतात आणि दुसऱ्या दिवशी परस्पर डेकोरेटरकडे जातात.” हे शंभर टक्के खरं आहे, आणि यात आपण पुणेकर निष्पाप नाही. दिसणारी फी आपण रुपया-रुपया घासतो आणि न दिसणाऱ्या पैशांबद्दल विचारतही नाही. मग धंदा न दिसणाऱ्या पैशांकडे सरकणारच. म्युच्युअल फंडात 2013 पासून डायरेक्ट प्लॅन आले, तेव्हा एजंटाचं कमिशन वगळून तोच फंड कमी खर्चात मिळायला लागला. आता सोसायटीतले निवृत्त काका एकमेकांना डायरेक्टचं महत्त्व समजावतात. तेच काका नातीच्या लग्नात नव्वद हजारवाल्याला आनंदाने नेमतात.

कमिशन नाकारलं की ते आपोआप आपल्या खिशात परत येतं, असंही नाही. भाचीच्या लग्नात डेकोरेटरने पाच लाखांचे चार लाख तीस हजार केले, म्हणजे पंचाहत्तर हजारांपैकी सत्तर आले. साउंडवाल्याने दहा हजार सोडले. केटररने दर कमी करायला नकार दिला, वर आइस्क्रीमचा काउंटर फुकट लावला. फोटोग्राफर म्हणाला, माझा दर तोच, प्लॅनरला द्यायचे वाचले तर ते माझे. त्याचंही चूक नाही. एकूण ऐंशी हजार परत आले. म्हणजे 1 लाख 75 हजारांची महागडी प्लॅनर आम्हाला 95 हजारांना पडली, स्वस्त माणसापेक्षा पाच हजारांनी महाग. ताटांचे पैसे यात धरलेले नाहीत.

म्हणून माझं मत असं. फी ठरावीक असावी, पण ती कामाच्या मोजमापावर ठरावी: समारंभ किती, भेटी किती, त्या दिवशी माणसं किती आणि मालक स्वतः किती तास हजर. पाहुणे अमुकच्या वर गेले तर इतके जादा, हे आधीच लिहावं. कोणाला टक्केवारीच हवी असेल तर ती सुरुवातीच्या अंदाजावर गोठवावी, आणि आपण स्वतः ठरवलेल्या गोष्टी त्यातून वगळाव्यात. कमिशन घ्यायचंच असेल तर ते व्हेंडरच्या नावासह लिहून द्यावं आणि आपल्या बिलातून वजा करावं. कोटेशन व्हेंडरच्या स्वतःच्या लेटरहेडवर, ‘लम्पसम’ न लिहिता नग आणि मापासह यावं, आणि पैसे थेट व्हेंडरच्या खात्यात जावेत. एवढं झालं तर टक्के की सरसकट, याने मला फारसा फरक पडत नाही. उघड टक्केवारी घेणारा, कमिशन न घेणारा प्लॅनर मी छुप्या कमिशनच्या सरसकटवाल्यापेक्षा कधीही पसंत करीन.

तुलनेसाठी मागवलेली तीन-तीन कोटेशनंही जरा नीट वाचावीत. नव्वद हजारवाल्याने डेकोरेशनची तीन आणून दिली होती, तीन वेगळ्या व्यावसायिकांची. तिन्हींत ‘जनरेटर’चा ‘जनटेटर’ झालेला होता.

हे सगळं बोलायला संकोच वाटतो, असं बहीण म्हणत होती. मला याचं नवल वाटतं. आपल्याकडे याद्या करायची पद्धत आहे. दोन्हीकडची मंडळी समोरासमोर बसतात, मानपान कोणाचा, रिसेप्शन कोणाचं, वऱ्हाडाची बस कोणाची, हे कागदावर लिहितात, कुंकू लावतात आणि वाचून दाखवतात. जन्माचे व्याही होणार असलेल्या माणसांशी पैशाचं आपण लिहून घेतो, आणि पाच महिन्यांच्या ओळखीच्या प्लॅनरपुढे संकोचतो.

आमच्या करारात शेवटी मेहुण्यांनी एक कलम हाताने लिहिलं: ‘ताटांची मोजणी प्लॅनर आणि घरचा एक माणूस मिळून करतील.’ घरचा माणूस मीच निघाले. रिसेप्शनच्या रात्री भरजरी पैठणीत, पावणेबारा वाजता, आचाऱ्यांच्या मांडवामागे उभी राहून मी चळती मोजल्या. केटररच्या वहीत 331 होते. तेरा ताटं धुऊन परत आलेली होती. ती ओली होती, म्हणून ओळखू आली.